गाडी पाठवण्याआधी

शेंदूरजनाघाट, ता. वरुड, जि. अमरावती

वरुड-मोर्शी तालुक्यांत आणि सीमेपलीकडच्या पांढुर्णा-मुलताई भागात व्यापार करणाऱ्या, स्वतःची गाडी लावून गोदामातला माल उचलणाऱ्या सर्व खरेदीदारांस,



मी गोदामात भांडारपाल म्हणून काम करतो. तूर, सोयाबीन, हरभरा असा शेतकऱ्यांचा माल आमच्याकडे थप्पीला लागलेला असतो. तुम्ही तो शेतकऱ्याकडून विकत घेता आणि वाहतूकदाराच्या भरवशावर न राहता स्वतःची गाडी पाठवता. त्यात भाडं वाचतं, गाडी आपल्या वेळेत येते, ड्रायव्हर ओळखीचा असतो. हे सगळं रास्त आहे. पण अशी गाडी फाटकाशी आली की माल बाहेर पडायला तीन गोष्टी लागतात: माल सोडल्याची रिलीज ऑर्डर, गेट पास आणि ड्रायव्हरची ओळख. यावरून फाटकावर दर हंगामात वाद होतात. "मी पैसे देल्ले ना भाऊ, मंग माल काहून नाही देत?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून सर्वांपुढे ठेवावं असं वाटलं.

आपला हा भाग संत्र्याचा. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं दूरदूर जातात आणि बगीच्यांचे सौदे झाडाखाली उभं राहून होतात. खरेदीदार येतो, बहार पाहतो, भाव ठरतो, इसार दिला जातो. तोडणीच्या दिवशी गाडी धुऱ्याला लागते, शेतकरी समोर उभा असतो, क्रेट भरले की गाडी निघते. तिथे मालक, माल आणि घेणारा हे तिघे एकाच जागी असतात, म्हणून कागदाची अडचण पडत नाही. गोदामात असं नसतं. माल आमच्या ताब्यात असतो, मालक त्याच्या गावी, घेणारा कधी वरुडला तर कधी अकोल्याला, आणि त्या मालावर पैसे देणारी बाजार समिती किंवा बँक चौथ्या ठिकाणी. यांच्यापैकी कोणीच फाटकाशी येत नाही, येतो तो तुमचा ड्रायव्हर. सौद्यात त्याचा काही भाग नसतो, आणि सात-आठ लाखांचा माल त्याच्या हवाली करायचा असतो.

कायद्यातही याचा विचार आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ३६ सांगतं की विकलेला माल तिसऱ्या माणसाच्या ताब्यात असेल, तर तो तिसरा माणूस "हा माल आता मी तुमच्या वतीने धरून आहे" असं खरेदीदाराला कबूल करत नाही तोवर विकणाऱ्याने माल दिला असं होत नाही. इथे तिसरा माणूस म्हणजे गोदाम. सौदा झाला, पैसे पोचले, तरी ताबा बदलायला आमची कबुली लागते आणि ती कबुली आम्ही कागदाशिवाय देऊ शकत नाही. चुकीच्या माणसाच्या हाती माल गेला, तर भरून देण्याची जबाबदारी गोदामावर येते. अशा वेळी नुकसान बहुतेकदा शेतकऱ्याचं आधी होतं. त्याची पावती खोटी ठरत नाही, पण माल जागेवर नसतो आणि भरपाई मिळेपर्यंत पेरणी निघून गेलेली असते.

आता रिलीज ऑर्डरकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिच्यासाठीच उभ्या राहतात.

गोदामातला पुष्कळ माल तारण असतो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. काढणीच्या वेळी भाव पडलेले असतात, म्हणून शेतकरी माल विकत नाही. तो गोदामात ठेवतो आणि मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज बाजार समितीकडून उचलतो. व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. पुढे भाव सुधारला की माल विकून कर्ज फेडायचं, असा तो हिशेब. ही योजना फक्त शेतकऱ्याच्या मालासाठी आहे, व्यापाऱ्याच्या मालासाठी नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजायला सोपे घेतले आहेत. एका शेतकऱ्याने फेब्रुवारीत ६० क्विंटल तूर ठेवली, म्हणजे ५० किलोचे १२० कट्टे. तारणासाठी क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला, तर मालाची किंमत ४,२०,००० रुपये आणि त्याच्या ७५ टक्के म्हणजे ३,१५,००० रुपये कर्ज मिळालं. १२० दिवसांनी, जून लागताना, बियाणं आणि खतासाठी पैसा हवा म्हणून त्याने ती तूर तुम्हाला ७,४०० रुपये भावाने विकली. सौदा ४,४४,००० रुपयांचा झाला. इतक्या दिवसांचं ६ टक्क्यांनी व्याज ६,२१४ रुपये होतं, म्हणजे बाजार समितीला ३,२१,२१४ रुपये यायचे आहेत. शेतकऱ्याच्या हाती राहतात १,२२,७८६ रुपये, आणि त्यातूनही गोदामभाडं व हमाली ठरल्याप्रमाणे वजा होते.

तुम्ही काय करता? विश्वासाने आणि सद्भावनेने पूर्ण ४,४४,००० रुपये शेतकऱ्याच्या खात्यात टाकता आणि गाडी लावता. तुमच्या बाजूने व्यवहार संपला. पण बाजार समितीचे ३,२१,२१४ रुपये अजून आलेले नाहीत आणि माल त्यांच्याकडे तारण आहे. शेतकऱ्याचा हेतू चांगला असला, तरी पैसे त्याच्या खात्यातून समितीकडे जायला, पावती फाटायला आणि समितीने माल सोडल्याचं पत्र द्यायला वेळ लागतो. मधे त्याच्या खात्यातून दुसरं एखादं थकलेलं कर्ज वळतं झालं, तर तो वेळ आणखी वाढतो. तुमची गाडी त्या काळात फाटकाबाहेर उभी असते आणि हॉल्टचे पैसे तुमच्या अंगावर पडतात.

म्हणून सौदा करताना शेतकऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: माल तारण आहे का? असेल तर रक्कम दोन भागांत द्या. कर्ज आणि व्याजाइतके पैसे थेट समितीच्या किंवा बँकेच्या खात्यात, शेतकऱ्याच्या कर्जखात्याचा क्रमांक घालून, आणि उरलेले शेतकऱ्याच्या खात्यात. व्याजाचा नेमका आकडा त्या दिवसाचा असतो, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशीच तो समितीकडून लेखी घ्या. आदल्या आठवड्याचा आकडा भरला तर दोन-चारशे रुपये कमी पडतात, आणि तेवढ्यासाठीही खातं बंद होत नाही, ऑर्डर निघत नाही. मी अशी गाडी दिवसभर थांबलेली पाहिली आहे. कमी पडलेली रक्कम ड्रायव्हरच्या एका जेवणाच्या बिलाइतकी होती.

रिलीज ऑर्डर हातात आली की ती नीट वाचा. आम्ही ती कशी वाचतो ते सांगतो, म्हणजे गाडी सुटण्याआधी तुम्हालाही चूक सापडेल. वखार पावतीचा क्रमांक ऑर्डरवर आणि आमच्या वहीत एकच आहे का, हे आधी बघतो. एकाच शेतकऱ्याच्या दोन पावत्या असतात, एक तुरीची आणि एक सोयाबीनची, आणि क्रमांकात अदलाबदल झालेली असते. मग ठेवणाऱ्याचं नाव, मालाचं नाव, कट्ट्यांची संख्या, वजन आणि माल कोणाला सोडायचा त्याचं नाव. तुमच्या दुकानाचं नाव एक आणि ऑर्डरवर तुमच्या भावाच्या फर्मचं दुसरं असेल, तर आम्हाला ती दोन वेगळी माणसं आहेत. शेवटी मुदत आणि सही. समितीच्या किंवा शाखेच्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना आमच्या फायलीत असतो, त्याच्याशी सही ताडून पाहतो. शंका आली तर आम्ही स्वतः फोन करतो, पण तो पत्रावर छापलेल्या नंबरवर नव्हे, आमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर. बनावट पत्र करणारा पत्रावर स्वतःच्या माणसाचाच नंबर छापणार, हे साधं आहे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून माल सोडता येत नाही, याचा तुम्हाला राग येतो, तो मी समजू शकतो. पण फोटोत दोन अडचणी आहेत. एक तर सही ताडता येत नाही. दुसरं, तोच फोटो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीवर येऊ शकतो. मूळ पत्र आमच्याकडे राहतं आणि माल गेला की त्यावर आम्ही आडवा शिक्का मारतो, तारीख व गाडीचा नंबर लिहितो. फोटोवर शिक्का मारता येत नाही. फोटो आधी पाठवा, जरूर पाठवा, आम्ही तो पाहून चूक असेल तर लगेच सांगू. गाडी मात्र मूळ पत्र घेऊनच येऊ द्या.

पावती इलेक्ट्रॉनिक असेल तर हा मार्ग थोडा वेगळा आहे. वखार विकास व नियमनाचा २००७ चा कायदा २०१० पासून अमलात आहे, आणि त्याखाली नोंद झालेली गोदामं २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक वखार पावती देतात. ती कागदावर नसते, रिपॉझिटरीच्या संगणकीय नोंदीत असते. तारणाचा बोजा त्याच नोंदीत चढतो. बोजा उतरल्याशिवाय माल सोडण्याची विनंती पुढे सरकत नाही, मग तुमच्याकडे कागदी पत्र कितीही चांगलं असो. अशा मालासाठी बँकेला फक्त "पत्र द्या" म्हणून भागत नाही, "नोंदीतला बोजा उतरवा" असं सांगावं लागतं. शाखेने पत्र दिलं आणि नोंद तशीच राहिली, हा प्रकार घडतो. तेव्हा शाखेतून निघण्याआधी आम्हाला फोन करून नोंद मोकळी झाली का ते विचारून घ्या. माल तुमच्या नावावर घ्यायचा असेल, तर पावतीचं हस्तांतरणही त्याच नोंदीत आधी व्हायला हवं.

काही वेळा पूर्ण माल एकदम उचलायचा नसतो. गाडी लहान असते, किंवा दालमिलला दर आठवड्याला थोडा माल हवा असतो. असं करता येतं, पण ऑर्डरवर "१२० पैकी ५० कट्टे" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं "माल सोडावा" असं लिहून आणलं आणि पहिल्या गाडीत ५० कट्टे गेले, तर पुढच्या वेळी बाकीच्या ७० चा हक्क कोणाकडे, हा प्रश्न उरतो. विशेषतः कर्ज अर्धंच फिटलेलं असेल तेव्हा समितीला तेवढाच माल सोडायचा असतो, आणि मोघम पत्राने समितीचंच तारण निघून जातं.

रिलीज ऑर्डर सांगते की माल मोकळा झाला. किती माल, कोणत्या गाडीत, कधी बाहेर पडला हे सांगतो तो गेट पास. या दोन्ही कागदांची कामं वेगळी आहेत आणि एक असला म्हणून दुसरा नको असं होत नाही. गेट पास गोदामातच तयार होतो, त्यासाठी तुम्हाला बाहेर कुठे जायचं नाही. तरी त्याबद्दल एक मागणी आणि एक तक्रार नेहमी येते, त्यांचं उत्तर देतो.

मागणी अशी: "गेट पास आधीच फाडून ठेवा, म्हणजे गाडी भरली की लगेच निघेल." आम्ही तो शेवटचा कट्टा गाडीवर चढल्यावर आणि मोजणी जुळल्यावरच लिहितो. थप्पीच्या कार्डावर १२० आहेत म्हणून १२० लिहून ठेवले आणि भरताना दोन कट्टे फाटलेले निघाले, ते बाजूला राहिले, तर पासवर १२० आणि गाडीत ११८ अशी स्थिती होते. तो फरक दालमिलच्या दारात निघतो, दोनशे किलोमीटरवर, आणि तिथे तुमच्या ड्रायव्हरवर चोरीचा संशय येतो. मोजणी दोन ठिकाणी होते. थप्पीपाशी आमचा माणूस कट्टा उचलताना रेघ ओढतो, गाडीपाशी तुमचा माणूस ओढतो. पाच-पाचच्या गटांनी रेघा जुळवून दोन्ही कागद एकमेकांशी लावतात. तुमचा माणूस नसेल, तर ड्रायव्हरच मोजतो आणि त्याचीच सही पासवर येते. म्हणून ड्रायव्हरला निघतानाच सांगा की कॅबिनमध्ये झोपू नको, मोजायला उभा राहा.

तक्रार वजनाची. काट्यावर गाडी आधी रिकामी आणि मग भरलेली तोलली जाते. आपल्या उदाहरणात आयशर रिकामी ४,२५० किलो भरली आणि माल चढल्यावर १०,३२० किलो. फरक ६,०७० किलो. तूर ६,००० किलोच घेतली, मग ७० किलो जास्त कुठून आले, असं खरेदीदार विचारतो. कधी उलट, "७० किलो जास्त गेले, त्याचे पैसे द्या" असं शेतकरी म्हणतो. हे वजन बारदान्याचं आहे. ५० किलोच्या तागाच्या पोत्याचं स्वतःचं वजन साधारण ५८० ग्रॅम असतं. १२० पोत्यांचं होतं ६९ किलो ६०० ग्रॅम, आणि काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो. गेट पासवर आम्ही निव्वळ वजन आणि काट्यावरचं वजन ही दोन्ही वेगळी लिहितो. तुम्ही दालमिलच्या काट्यावर उतरवताना हाच हिशेब धरा. रिकाम्या गाडीच्या वजनावरही लक्ष ठेवा. डिझेलची टाकी इथे भरलेली होती आणि तिथे अर्धी झाली, किंवा ताडपत्री व दोर इथे गाडीत होते आणि तिथे काढून तोलले, की तेवढ्याचीच तफावतीत भर पडते. फरक ३०-४० किलोच्या आत असेल तर आधी या गोष्टी पाहा, मग गोदामाला फोन करा. १०० किलोंच्या वर असेल, तर मात्र कट्टे मोजल्याशिवाय माल उतरवू नका.

पासच्या तीन प्रती निघतात. एक ड्रायव्हरकडे, एक फाटकावरच्या रखवालदाराकडे, एक वहीत. रखवालदार आपल्या प्रतीवरचा गाडीनंबर समोरच्या नंबरप्लेटशी ताडून पाहतो आणि वेळ लिहून घेतो. गेट पास हा फक्त आमच्या फाटकापुरता आहे, रस्त्यावर तो चालत नाही. बाजार फीची पावती, बिल आणि मालाला लागू असेल तिथे ई-वे बिल हे तुमच्याकडचे कागद. विशेषतः गाडी सीमा ओलांडून मध्य प्रदेशात जाणार असेल तर ते गाडीत आहेत की नाहीत हे निघण्याआधी पाहून घ्या. गेट पास दाखवून नाक्यावरून सुटता येईल असा समज काही ड्रायव्हरांचा असतो, तो तुम्हीच दूर करायला हवा.

आता ड्रायव्हरच्या ओळखीबद्दल. याबाबत मला तुमच्याकडून सगळ्यात जास्त सहकार्य हवं आहे, कारण यात सगळ्यात जास्त हलगर्जी होते.

आम्हाला गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीचं एक पत्र लागतं: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं पूर्ण नाव, त्याचा परवाना क्रमांक, मोबाइल नंबर, आणि "या गाडीतून अमुक रिलीज ऑर्डरचा माल उचलण्यास यास अधिकार दिला आहे" हे वाक्य. फाटकाशी आल्यावर आम्ही परवान्यावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडतो. परवाना मोबाइलमधल्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असेल तरी चालतो. गाडीचं आरसी बुकही त्यातच पाहतो: नंबरप्लेटवरचा नंबर, गाडीचा प्रकार आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे जुळतात का. एमएच २७ असो, एमएच ३० असो की एमपीची गाडी, पद्धत सगळ्यांना एकच.

हे का, ते सांगतो. माल पळवण्याची जुनी रीत अशी आहे की खऱ्या खरेदीदाराची खरी ऑर्डर असते, पण गाडी दुसरीच येते. कोणाला तरी कळलेलं असतं की उद्या इथून अमक्याचा माल उठणार आहे. तो तासभर आधी दुसरी गाडी, दुसरी नंबरप्लेट लावून पाठवतो आणि "शेठनी पाठवलं" म्हणतो. मूळ ऑर्डरही त्याने मिळवलेली असते. अशा वेळी फाटकावर फक्त एकच गोष्ट त्याला अडवू शकते: आदल्या दिवशी तुम्ही पाठवलेलं ड्रायव्हरचं नाव आणि परवान्याचा क्रमांक. या दोन गोष्टी त्याला माहीत नसतात.

रस्त्यात गाडी बंद पडते, हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात घाटाकडच्या रस्त्यावर तर हमखास. मग तुम्ही दुसरी गाडी लावता आणि तीच ऑर्डर घेऊन ती फाटकाशी येते, ड्रायव्हर म्हणतो, "जुनी गाडी पंक्चर झाली, शेठले फोन लावा." आम्ही फोन लावतो, पण ड्रायव्हरने दिलेल्या नंबरवर लावत नाही. तुमच्या पत्रावरच्या नंबरवर लावतो आणि तुमच्याकडून दुरुस्तीचं नवं पत्र मागतो: जुनी गाडी रद्द, नवी गाडी ही, नवा ड्रायव्हर हा. सही त्याच माणसाची हवी. ते पत्र तुम्ही पाच मिनिटांत ई-मेलने पाठवू शकता. "तुमची आमची इतक्या वर्षांची ओळख, फोनवर सांगितलं ते पुरे" असं म्हणू नका. माझी ओळख तुमच्याशी आहे, त्या ड्रायव्हरशी नाही. आणि माझ्या जागी त्या दिवशी दुसरा भांडारपाल असेल, तर त्याची तुमच्याशीही नाही.

ड्रायव्हरच्या बाजूनेही थोडं बोलतो. फाटकावर अडलेल्या गाडीचा ताण त्याच्यावर येतो. कागद त्याच्या हातात नसतात, शेठ फोन उचलत नाही, इकडे आम्ही सोडत नाही. उन्हात किंवा पावसात तो गाडीखाली बसून राहतो. त्याचं नाव, नंबर आदल्या दिवशी आले तर हे होत नाही. आणि त्याची माहिती देताना जपून द्या. आम्हाला परवाना पुरेसा आहे, आधार कार्डाची पूर्ण प्रत नको. कोणी मागितलीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. ड्रायव्हरांची कागदपत्रं सौद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची पद्धत सरसकट झाली आहे. त्या ग्रुपमध्ये दलाल, हमाल, दुसरे खरेदीदार सगळे असतात. ती कागदपत्रं थेट गोदामाच्या ई-मेलवर पाठवा. आम्ही ती त्या मालाच्या फायलीत ठेवतो, बाहेर देत नाही.

वेळेचंही लक्षात घ्या. बँकेची ऑर्डर असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, रविवारी शाखा बंद असते. शुक्रवारी दुपारी पैसे भरून अशा शनिवारी सकाळी गाडी लावली, तर ऑर्डर सोमवारशिवाय निघत नाही. पावसाळ्यात आम्ही पाऊस चालू असताना थप्पी उघडत नाही आणि कट्टे गाडीवर चढवत नाही, कारण वरचे कट्टे भिजले की खालपर्यंत बुरशी येते आणि दोष गोदामावर येतो. हमालांचं काम साधारण संध्याकाळपर्यंत चालतं, तेव्हा दुपारनंतर आलेली गाडी त्याच दिवशी भरेलच असं धरू नका. सकाळी दहाच्या आत आलेली, कागद पूर्ण असलेली गाडी १२० कट्ट्यांसाठी साधारण दुपारपर्यंत मोकळी होते.

शेवटी एक विनंती आणि ती खास दलाल बंधूंना. तुमच्या सौदाचिठ्ठीवर भाव, वजन, दलाली, इतकंच असतं. त्यात आणखी दोन ओळी घाला: माल तारण आहे किंवा नाही, आणि असल्यास किती दिवसांत सोडवून द्यायचा. दुसरी ओळ, रिलीज ऑर्डर उशिरा आली तर गाडीच्या हॉल्टचा खर्च कोणाकडे. आज ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, म्हणून हॉल्टचे पैसे शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जातात, आणि त्यालाच सगळ्यात कमी माहीत असतं की गाडी का थांबली होती. या दोन ओळी छापून घेतल्या, तर फाटकावरच्या निम्म्या तक्रारी सौद्याच्या वेळीच मिटतील.

वखार पावतीचा क्रमांक घेऊन गोदामात कधीही या. ऑर्डर तयार करण्याआधी कोणती नावं, कोणते आकडे त्यावर हवेत ते मी लिहून देतो. त्याचं काही शुल्क नाही.

आपला,
एक भांडारपाल
शेंदूरजनाघाट